एस-कर्व्हवर तफावत फक्त ३ टक्क्यांची. तरीही प्रकल्प मागे पडतो आहे असे म्हणावे का?

आलेखधारी

नमस्कार. मी एका प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या कामावर नियोजन पाहतो. धरणाच्या जलाशयातून पाणी उचलायचे, शुद्ध करायचे आणि काही गावांना पोहोचवायचे, असे कामाचे स्वरूप आहे. मुदत २४ महिन्यांची असून काम नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. ऑक्टोबरअखेर १२ महिने पूर्ण झाले.

दर महिन्याला आम्ही नियोजित आणि प्रत्यक्ष प्रगतीचा एकत्रित एस-कर्व्ह काढतो. ऑक्टोबरअखेर नियोजित प्रगती ४६ टक्के असायला हवी होती, प्रत्यक्ष प्रगती ४३ टक्के आहे. जुलैअखेर हीच तफावत ९ टक्क्यांची होती. त्यामुळे परवाच्या आढावा बैठकीत ठेकेदाराने आणि आमच्या वरिष्ठांनीही असा निष्कर्ष काढला, की ऐन पावसाळ्यात तफावत भरून निघाली आहे आणि येत्या दोन महिन्यांत आपण वेळापत्रकावर येऊ.

आलेख पाहिला तर हे म्हणणे खोडून काढता येत नाही, परंतु साइटवर फिरताना मला ते पटत नाही. ऊर्ध्ववाहिनीचे पाइप रस्त्याच्या कडेने रचलेले दिसतात, चर मात्र फारसे खोदलेले दिसत नाहीत, आणि जॅकवेल, म्हणजे जलाशयातून पाणी उचलण्यासाठीची विहीर, पाण्याखाली आहे. अशा वेळी एस-कर्व्ह कसा वाचावा? ३ टक्के ही तफावत क्षम्य मानावी का?

मुदतपूर्व

माझ्या मते चिंता करण्यासारखे काही नाही. ४३ भागिले ४६ केल्यास एसपीआय, म्हणजे झालेल्या आणि नियोजित कामाचे गुणोत्तर, ०.९३ येतो. आमच्या कंपनीत ०.९० च्या खाली गेल्याशिवाय लाल शेरा देत नाहीत. शिवाय तुम्ही काढलेला नियोजित वक्र बहुधा सर्व कामे लवकरात लवकर सुरू होतील असे धरून आलेला असणार, कारण प्रायमाव्हेरा सॉफ्टवेअरमधून साधारणपणे तोच बाहेर पडतो. उशिरात उशिरा सुरू करता येणाऱ्या तारखांवरून दुसरा वक्र काढा. या दोन वक्रांच्या मधल्या पट्ट्यात प्रत्यक्ष प्रगतीची रेषा असेल, तर प्रकल्पाला उशीर झालेला नाही असे समजावे.

गोदातीर

आलेखधारी, या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मला तीन गोष्टी समजायला हव्यात. वेगवेगळ्या घटकांना दिलेले भार कशावरून ठरवले आहेत, निविदेतील रकमेवरून की आणखी कशावरून? पाइप साइटवर येताच त्यांची किती टक्के प्रगती धरली जाते? आणि प्रत्यक्ष प्रगतीचा आकडा एम.बी.तील मोजमापावरून येतो, मंजूर झालेल्या आर.ए. बिलावरून येतो, की साइट इंजिनिअरच्या अंदाजावरून?

पाणीपुरवठ्याच्या कामांत माझी बरीच वर्षे गेली आहेत. ज्या कामांत पाइपच्या किमतीचा वाटा मोठा असतो, तेथे पावसाळ्यात तफावत कमी झाली की मी आधी पाइपचे चलन पाहतो. जून ते सप्टेंबरमध्ये चर खोदता येत नाहीत, काँक्रीटचा वेग उतरतो, पण ट्रक येतच राहतात.

सातवामजला

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच्याशीच जोडलेला वाटतो. आम्ही पुण्याजवळ सदनिका घेतली आहे. बिल्डर म्हणतो की प्रकल्प ७० टक्के पूर्ण आहे आणि ताबा वेळेत मिळेल. महारेराच्या संकेतस्थळावर मला असा वक्र कुठेच सापडला नाही. तो कुठे असतो?

आलेखधारी

गोदातीर साहेब, भार निविदेतील रकमेवरूनच आहेत. जॅकवेल व पंपगृह १२, जलशुद्धीकरण केंद्र १८, ऊर्ध्ववाहिनी ३०, उंच टाक्या १५, वितरण व्यवस्था २० आणि विद्युत व यांत्रिक कामे ५, असे एकूण १००. दोन्ही प्रकारच्या पाइपलाइनसाठी, पाइप साइटवर आल्यावर ७० टक्के, टाकून जोडल्यावर २० टक्के आणि दाबाची चाचणी झाल्यावर १० टक्के, अशी विभागणी करारातच आहे आणि प्रगतीसाठीही आम्ही तीच वापरतो. म्हणजे एकूण १०० पैकी ३५ भार नुसत्या पाइपपुरवठ्याचा आहे. प्रत्यक्ष आकडा महिनाअखेरच्या संयुक्त मोजमापाचा असतो, त्यामुळे त्यात बिलाचा विलंब नाही.

ऑक्टोबरअखेर पाइपपुरवठ्याच्या ३५ पैकी १६ व्हायचे होते, प्रत्यक्षात २७.५ झाले आहेत. ऊर्ध्ववाहिनीचे तर सगळेच पाइप आले आहेत.

सातवामजला, तुमच्या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी अधिक माहीतगार व्यक्तीने द्यावे.

गोदातीर

मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. पाइपपुरवठा बाजूला काढा आणि फक्त साइटवर करायच्या कामाचा वेगळा वक्र काढा. त्या कामाचा एकूण भार ६५ आहे. नियोजनाप्रमाणे ४६ वजा १६, म्हणजे ३० झाले पाहिजे होते. प्रत्यक्षात ४३ वजा २७.५, म्हणजे १५.५ झाले आहे. ६५ पैकी ३० म्हणजे सुमारे ४६ टक्के आणि १५.५ म्हणजे सुमारे २४ टक्के. ज्या तफावतीला बैठकीत ३ टक्के म्हटले गेले, ती साइटच्या कामात २२ टक्क्यांची आहे आणि नियोजित कामाच्या जेमतेम निम्मे काम झाले आहे.

आता दुसरे वाचन. वक्रावर बहुतेक लोक दोन रेषांमधले उभे अंतर मोजतात, परंतु उशीर हा काळाचा विषय असल्यामुळे आडवे अंतर मोजायला हवे. प्रत्यक्ष प्रगतीच्या आजच्या बिंदूपासून डावीकडे आडवी रेषा ओढा आणि ती नियोजित वक्राला कोणत्या महिन्यात भेटते ते पाहा. एकत्रित वक्रावर ४३ टक्के कधी व्हायचे होते आणि साइटच्या कामाच्या वक्रावर २४ टक्के कधी व्हायचे होते, हे कळवा.

मुदतपूर्व यांनी सांगितलेल्या एसपीआयबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो गुणोत्तराचा आकडा प्रकल्प संपताना कितीही उशीर झालेला असला तरी १ वरच येतो, कारण शेवटी नियोजित काम आणि झालेले काम दोन्ही शंभर टक्के असतात. याच दोषावर उपाय म्हणून वॉल्ट लिप्के यांनी २००३ मध्ये अर्न्ड शेड्यूलची पद्धत मांडली, आणि तिचा गाभा म्हणजे हीच आडवी रेषा.

आलेखधारी

एकत्रित वक्रावर ४३ टक्के सप्टेंबरअखेर व्हायचे होते, म्हणजे एक महिन्याचा उशीर. साइटच्या कामाच्या वक्रावर २४ टक्के एप्रिलअखेर व्हायचे होते, म्हणजे सहा महिन्यांचा. तोच प्रकल्प, तीच तारीख आणि तीच मोजमापे असूनही दोन उत्तरांत इतके अंतर असेल असे मला वाटले नव्हते.

चरखोदाई

मी ठेकेदाराच्या बाजूने काम करतो, त्यामुळे येथे दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. पाइप लवकर आणणे म्हणजे आलेख फुगवण्याची युक्ती, असा सूर येथे उमटतो आहे आणि तो योग्य नाही. डक्टाइल आयर्नच्या पाइपची ऑर्डर दिल्यावर कारखान्याकडून माल कधी मिळेल हे ठेकेदाराच्या हातात नसते, दर कधी वाढतील हेही नसते. एखादा ठेकेदार स्वतःचे पैसे गुंतवून सगळे पाइप पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात आणून ठेवतो, तेव्हा तो प्रकल्पावरची एक मोठी जोखीम दूर करतो. आता नोव्हेंबरपासून जमीन कोरडी झाली की त्याला मालासाठी थांबावे लागणार नाही. ही प्रगती नाही, असे कसे म्हणता येईल? शिवाय ७०-२०-१० ही विभागणी ठेकेदाराने नव्हे, निविदा काढणाऱ्या कार्यालयाने ठरवलेली असते.

गोदातीर

चरखोदाई, पाइप वेळेआधी आणणे ही चांगलीच गोष्ट आहे आणि त्याचे पैसेही ठेकेदाराला मिळालेच पाहिजेत. माझा आक्षेप पैसे देण्याच्या विभागणीलाच प्रगतीची विभागणी मानण्यावर आहे. पैसे कधी द्यायचे हे ठरवण्यासाठी ७०-२०-१० योग्य आहे. परंतु किती वेळ लागणार आहे हे त्यावरून कळत नाही, कारण पाइप आणायला जितके पैसे लागतात त्याच्या तुलनेत वेळ व मनुष्यबळ फार थोडे लागते, आणि चर खोदून, पाइप जोडून, चाचणी घेऊन, चर बुजवण्याला नेमके उलट. ज्या ३० टक्के रकमेत पाइपलाइनचे जवळजवळ सगळे कष्ट आहेत, ती आलेखधारी यांच्या कामावर अजून जवळपास जशीच्या तशी उरली आहे.

मस्कतकर

मी ओमानमध्ये तेलशुद्धीकरणाच्या प्रकल्पांवर नियोजनाचे काम करतो. आमच्याकडे हा घोळ टाळण्यासाठी डिझाइन, खरेदी आणि उभारणी यांचे तीन वेगळे वक्र ठेवतात आणि उभारणीच्या वक्राचे भार रकमेवरून न ठरवता मनुष्य-तासांवरून ठरवतात. एकत्रित वक्र वरिष्ठांच्या सादरीकरणात पहिल्या पानावर असतो, पण निर्णय उभारणीच्या वक्रावर होतो.

मात्र गोदातीर यांच्या आडव्या रेषेबाबत मला एक गंभीर शंका मांडायची आहे. आलेखधारी यांच्या नियोजनात जून ते सप्टेंबर हे चार महिने पावसाळ्यामुळे जवळजवळ सपाट असणार. वक्र सपाट असतो तेथे थोडीशी उभी तफावतसुद्धा आडव्या अंतरात महिनोन्महिने दाखवते. वक्र खडा चढतो तेथे उलट घडते, उभी तफावत मोठी दिसते आणि आडवे अंतर आठवड्यांचेच असते. तेव्हा सहा महिन्यांपैकी चार महिने पावसाळ्याचे असतील, तर सहा महिन्यांचा उशीर हे विधान अतिशयोक्त ठरेल. मागे पडलेले २२ टक्के काम कोरड्या हंगामातील वेगाने भरून काढायला सहा महिने लागणार नाहीत.

गोदातीर

मस्कतकर यांचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि पावसाळी प्रदेशात तो विसरून चालत नाही. आलेखधारी, साइटच्या कामाचा नियोजित वक्र मे महिन्यात आणि पावसाळ्यात किती चढत होता? आणि तुमचा आजवरचा सर्वांत चांगला महिना कोणता?

आलेखधारी

मे महिन्यात ८ टक्के, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळून १० टक्के आणि ऑक्टोबरमध्ये ४ टक्के नियोजित होते. आमचा सर्वांत चांगला महिना एप्रिलचा. त्यात ५ टक्के झाले.

मस्कतकर

म्हणजे मे महिन्याच्या नियोजित वेगाने २२ टक्के भरून काढायला पावणेतीन महिने लागतील, आणि तुमच्या स्वतःच्या सर्वोत्तम वेगाने साडेचार. आडवी रेषा सहा महिने सांगते. मी तुमच्या जागी असतो तर उशीर किती झाला यावर वाद न घालता उरलेला चढ किती खडा आहे ते मोजले असते.

साइटचे ७६ टक्के काम बाकी आहे आणि १२ महिने उरले आहेत. त्यांपैकी चार पुन्हा पावसाळ्याचे आहेत. त्या चार महिन्यांत, उदार मनाने, नियोजनापेक्षा थोडे अधिक म्हणजे १२ टक्के होतील असे धरा. उरलेले ६४ टक्के आठ कोरड्या महिन्यांत करायचे म्हणजे दर महिन्याला ८ टक्के झाले पाहिजेत, तेही एकही महिना न चुकता. सर्वोत्तम महिन्याचा, म्हणजे ५ टक्क्यांचा वेग आठही महिने टिकला, तरी ४० अधिक १२ म्हणजे ५२ टक्के होतील आणि मुदत संपताना काम ७६ टक्क्यांवर असेल. नंतरचे २४ टक्के त्याच वेगाने करायला आणखी सुमारे पाच महिने, म्हणजे मुदतीनंतरच्या मार्चपर्यंत जावे लागेल.

बैठकीत मी हाच प्रश्न विचारला असता: ५ टक्क्यांचा महिना ८ टक्क्यांचा करण्यासाठी कोणती यंत्रे, किती टोळ्या आणि कधीपासून वाढवणार आहात? उत्तरात पोकलेनची आणि जोडणी करणाऱ्या टोळ्यांची संख्या आली नाही, तर तफावत भरून निघते आहे या विधानाला आधार नाही.

चरखोदाई

हे मला पटते. तरीही एक दुरुस्ती सुचवतो. एप्रिलमध्ये ५ टक्के झाले तेव्हा पाइप साइटवर नव्हते. आता आहेत. त्यामुळे जुना सर्वोत्तम वेग हीच कमाल मर्यादा धरणे ठेकेदारावर अन्याय करणारे आहे. पाइप हाताशी असतील आणि रस्ते खोदण्याची परवानगी असेल, तर ऊर्ध्ववाहिनीचा वेग दुप्पट करता येतो, हे मी स्वतः केलेले आहे.

मुदतपूर्व

मी सांगितल्याप्रमाणे उशिरा सुरुवातीचा वक्र काढला का? साइटच्या कामासाठीही तो काढता येईल. तुमचे २४ टक्के त्याच्या वर असतील, तर एवढी चर्चा करण्याचे कारण उरणार नाही.

आलेखधारी

काढून पाहिला. उशिरा सुरुवातीच्या वक्रावर ऑक्टोबरअखेर साइटचे काम २२ टक्के येते. म्हणजे आमचे २४ टक्के पट्ट्याच्या आत आहेत, जरी अगदी खालच्या काठाशी. यामुळे माझा गोंधळ वाढला आहे.

गोदातीर

गोंधळ होण्याचे कारण नाही. तो पट्टा बेरजेचा आहे. ज्या कामांना भरपूर सवड आहे ती थोडी पुढे गेली आणि ज्याला अजिबात सवड नाही ते एक काम रखडले, तरी बेरीज पट्ट्याच्या आत राहू शकते. उशिरा सुरुवातीच्या वक्रातही सवड नसलेले काम त्याच्या मूळ तारखेलाच व्हावे लागते. बेरीज पट्ट्याच्या खाली गेली तर उशीर नक्की झाला असे म्हणता येते. ती आत असल्यास उशीर झाला नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

तुम्ही पहिल्याच प्रतिसादात जॅकवेल पाण्याखाली आहे असे लिहिले होते. ते किती झाले आहे आणि किती व्हायचे होते?

आलेखधारी

जॅकवेल व पंपगृहाच्या १२ पैकी ९ व्हायचे होते, ३ झाले आहेत. मेअखेर स्टायनिंग, म्हणजे विहिरीची भिंत, जलाशयाच्या पूर्ण संचय पातळीच्या वर आणायचे होते. खोदकामात खडक अपेक्षेपेक्षा कठीण लागला, जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तळाचे काँक्रीट आणि स्टायनिंगची पहिली उचल एवढेच झाले. आता जलाशय भरलेला आहे.

गोदातीर

मग माझ्या दृष्टीने प्रकल्पाचा उशीर येथे आहे, आणि तो एकत्रित वक्रावर ६ टक्क्यांपेक्षा मोठा दिसणार नाही. धरण भरलेले असताना ते काम करता येत नाही. रब्बीची आणि मग उन्हाळी आवर्तने सुटून पातळी उतरली, की बहुधा फेब्रुवारीनंतर, पुन्हा जागा उघडी पडेल. जूनपर्यंतचे ते तीन-चार महिने हातात असतील. स्टायनिंग पाण्यावर आले, की पुढचे पंपगृह, क्रेन गर्डर, पंप, वीजजोडणी ही कामे पावसाळ्यातही चालू राहू शकतात. ते आले नाही, तर आणखी एक अख्खे वर्ष गेले. ऊर्ध्ववाहिनी शंभर टक्के झाली आणि तिची चाचणी टँकरच्या पाण्यावर टप्प्याटप्प्याने उरकली, तरी जॅकवेलशिवाय गावांना पाणी मिळणार नाही.

थोडक्यात, तुमच्या बैठकीसमोर तीन वेगळी वाचने ठेवावी लागतील: पैशांच्या वक्रावर एक महिना, साइटच्या कामावर चार ते सहा महिने, आणि जॅकवेलचा हंगाम हुकल्यास एक वर्ष.

पाणलोट

प्रथमच लिहितो आहे. आमच्याकडे अशीच तफावत वाढल्यावर सुधारित कार्यक्रम मंजूर करून घेण्यात आला आणि नवा नियोजित वक्र प्रत्यक्ष प्रगतीच्या बिंदूपासूनच सुरू झाला. पुढच्या महिन्यात तफावत शून्य. मूळ वक्र अहवालातून काढून टाकला गेला. हे नियमाला धरून आहे का?

मस्कतकर

मुदतवाढ रीतसर मंजूर झाली असेल तर सुधारित वक्र काढणे योग्यच आहे, कारण त्याशिवाय पुढच्या कामाचे मोजमाप कशाशी करणार? परंतु मूळ वक्र फिक्या रंगात का होईना, त्याच कागदावर राहिला पाहिजे. तसेच सुधारित वक्राचा उरलेला चढ तपासा. अनेकदा तो अशा वेगाची मागणी करतो, जो त्या साइटवर कधीही गाठला गेलेला नाही.

चरखोदाई

आणि मुदतवाढ मंजूर होण्याआधीच सुधारित वक्र वापरायला लागणे, हे ठेकेदारासाठीही धोक्याचे असते. उशिराचे कारण जमीन ताब्यात नसणे किंवा परवानगी न मिळणे असे असेल, तर मूळ वक्रावरच ते दाखवता येते. तो काढून टाकला तर आपला पुरावा आपणच फेकला.

मापपुस्तक

सातवामजला यांच्या प्रश्नाला उत्तर राहून गेले आहे. महारेराच्या संकेतस्थळावर वक्र नसतो, पण प्रकल्पाच्या पानावर विकासकाने अपलोड केलेली प्रमाणपत्रे असतात. त्यांतील नमुना १ वास्तुविशारदाचा असतो आणि त्यात खोदकाम, जोते, स्लॅब, आतील भिंती व गिलावा, लिफ्ट अशा कामांची टक्केवारी इमारतवार वेगळी दिलेली असते. नमुना २ अभियंत्याचा आणि नमुना ३ सनदी लेखापालाचा. हे दोन्ही खर्चाबद्दल आहेत. ७० टक्के हा आकडा खर्चाचा आहे की कामाचा, ते आधी विचारा. मग लागोपाठच्या दोन-तीन तिमाहींचे नमुना १ शेजारी ठेवून पाहा, की गिलावा, फरशी, प्लंबिंग आणि लिफ्ट यांची टक्केवारी प्रत्येक तिमाहीत किती पुढे सरकते आहे.

सातवामजला

धन्यवाद. आत्ताच पाहिले. स्लॅब १०० टक्के आहेत, आतील गिलावा व फरशी १५ टक्के आणि लिफ्ट शून्य. मागच्या तिमाहीतही हेच आकडे होते.

आलेखधारी

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीत मी एकत्रित वक्राच्या खाली साइटच्या कामाचा वक्र आणि त्याच्या खाली जॅकवेलची एकच आडवी पट्टी, जलाशयाच्या पातळीसह, अशी मांडणी करणार आहे. जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयाकडून मागील काही वर्षांच्या पातळीच्या नोंदी मागितल्या आहेत, म्हणजे जागा कोणत्या आठवड्यात उघडी पडते ते नेमके सांगता येईल.

एक प्रश्न मात्र उरतो. आमचे कार्यकारी अभियंता म्हणतात, की जॅकवेलभोवती मातीचा बांध घालून पाणी उपसले तर डिसेंबरमध्येच सुरुवात करता येईल आणि दोन महिने वाचतील. ठेकेदार म्हणतो, की त्या खोलीवर बांध टिकणार नाही.

गोदातीर

डिसेंबरअखेर त्या जागी पाण्याची खोली किती असते आणि खाली मुरूम आहे की गाळ, हे कळल्याशिवाय दोघांपैकी कोणाचे बरोबर आहे ते सांगता येणार नाही. गाळ असेल तर मी ठेकेदाराच्या बाजूने आहे. पातळीच्या नोंदी मिळाल्या की येथे टाका.

चरखोदाई

खोली तीन मीटरच्या आत असेल आणि खाली मुरूम असेल, तर बांध टिकतो. मात्र बांधाचा खर्च कोणाचा हे आधी लेखी ठरवा, नाहीतर फेब्रुवारी त्याच पत्रव्यवहारात जाईल.